पहिला रकाना: घरात माणसं किती

कामाच्या कागदावरचा 'घरात माणसं किती?' हा पहिला रकाना मी कोरा ठेवला आणि खाली सही केली.

चूक एवढीच. शाईसुद्धा लागली नाही तिला. आयुष्यात मी याहून बऱ्याच रंगीत चुका केल्या आहेत. सासऱ्यांच्या साठीला त्यांच्याच दिवाणखान्यात ढेकणांचं औषध मारून पाहुण्यांना जेवणाआधी रस्त्यावर उभं केलं होतं. ती गोष्ट मी लग्नकार्यात सांगतो, लोक हसतात. ही गोष्ट अजून कुठल्या कार्यात सांगितलेली नाही.

माझा धंदा झुरळं, वाळवी, ढेकूण आणि उंदीर यांचा. म्हणजे त्यांच्या विरुद्धचा. बेंगळूरुच्या बसवनगुडीत एका दवाखान्याच्या वर आमची दीड खोलीची कचेरी आहे. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या मुलखात आलं असं वडील सांगत. मी स्कूटरवरून झुरळं मारत फिरतो हे पाहून त्या घोड्याला काय वाटलं असतं, असंही तेच विचारत. घरात आम्ही जे बोलतो ते मराठी आहे असं आम्हाला वाटतं. पुण्याची माणसं ऐकून घेतात आणि मग हळूच हिंदीत उत्तर देतात.

कचेरीत तीन माणसं. मी, बायको आणि अण्णा. बायको हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि आता माझे फोन आणि कागद सांभाळते. अण्णा आमचे फोरमन. वय छप्पन्न, रोज आनेकलहून बसनं येतात. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याशी एका दमात दहा शब्दांच्या वर बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या वाटचंही मीच बोलत आलोय.

तो रकाना बायकोनं घातलेला. धंद्याच्या सुरुवातीला एका घरी आम्ही फवारणी उरकली, दारं लावली, चार तासांनी या म्हणून सांगितलं, आणि जिना उतरताना सूनबाईंना आठवलं की आजोबा मागच्या खोलीत झोपलेत. आजोबा वाचले. आठवडाभर खोकले आणि मग प्रत्येक सणाला मला फोन करून शिव्या देत राहिले. त्या दिवसापासून कागदावर पहिला प्रश्न औषधाचा नाही, कीटकाचा नाही, पैशाचाही नाही. घरात माणसं किती? आणि पद्धत अशी पडली की मशीनला हात लावायच्या आधी अण्णा दारात उभे राहून बाहेर येणाऱ्यांना मोठ्यानं मोजतात. ओंदु, एरडु, मूरु. एक, दोन, तीन. आकडा कागदाशी जुळला की मगच काम. गिऱ्हाइकं हसतात. एका बाईंनी तर 'शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटतं हो' म्हणून अण्णांना लाडू दिला होता.

तर त्या दिवसांत सीमेवर चकमक पेटली होती. टीव्हीवर दर पाच मिनिटांनी सायरन, लाल पट्ट्या, नकाशांवर धावणारे बाण. सगळं शहर एकदम लष्करात भरती झालं होतं. भाजीवाला विमानांच्या पल्ल्याबद्दल बोलत होता. मलाही देशासाठी काहीतरी करावंसं वाटलं. मला येतं काय, तर विनोद आणि झुरळं. मी दोन्ही एकत्र केली.

आमच्या गिऱ्हाइकांसाठी मी फोनवर रोज एक ओळ टाकतो. 'पावसाळा आला, नाल्याला जाळी लावा' असल्या. त्या सकाळी टाकली: 'सीमेपलीकडची झुरळं वळवळू लागली आहेत. एक दिसलं तर आत शंभर असतात. अनुभवी माणसाचा सल्ला, फवारा जोरात मारा.' मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. तासाभरात दोनशे हसरे चेहरे. दुपारपर्यंत ती ओळ कुणाकुणाच्या ग्रुपांत फिरून माझ्याच मेव्हण्याकडून मला परत आली, खाली 'जरूर वाचा' असं लिहून.

लेखकाला आणखी काय हवं? मी दुसऱ्या दिवशी दुसरी टाकली: 'नुसती मोठी मारून उपयोग नाही. अंडी राहिली तर काम फुकट.' तिसऱ्या दिवशी तिसरी: 'फवाऱ्याआधी फटी बुजवा, नाहीतर पळून शेजारच्या घरात घुसतात.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही हे ध्यानात घ्या. झुरळांबद्दल तीनही शंभर टक्के खरी आहेत. मी ती तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय. मी फक्त वाक्यातला कीटक तसाच ठेवून जागा बदलली होती.

आणि का चाललं हे, तेही मला नीट कळत होतं, कारण झुरळाचं गिऱ्हाईक मी ओळखतो. सापवाल्याला फोन करणारा माणूस घाबरलेला असतो. पण सापाबद्दल त्याला एक मान असतो, 'मारू नका हो, धरून सोडा' म्हणतो. झुरळासाठी फोन करणाऱ्याला भीती नसते, राग नसतो, किळस असते. किळस आलेल्या माणसाला लढायचं नसतं, त्याला स्वच्छ करायचं असतं. झुरळ कुठून आलंय, का आलंय, त्याचं म्हणणं काय, हे तो विचारत नाही. एक झुरळ आणि दुसरं झुरळ यात फरक करत नाही. काम झाल्यावर त्याला पश्चात्ताप होत नाही, हात धुऊन चहा पितो. आम्हीसुद्धा कधी 'मारलं' लिहीत नाही. 'ट्रीटमेंट दिली' लिहितो. शत्रूला वाघ म्हटलं असतं तर लोक सावध झाले असते. झुरळ म्हटल्यावर ते हसले. मला वाटलं, हसलेला माणूस निरुपद्रवी असतो.

बायको हसली नाही. तिसऱ्या ओळीच्या दिवशी कॉफीचा पेला माझ्यासमोर ठेवून ती उभीच राहिली.

"अहो, हे बंद करा."

"का? सगळ्यांना आवडतंय की."

"तेच म्हणते. आफ्रिकेतल्या एका देशात एक रेडिओ होता. शेजाऱ्यांना झुरळं म्हणायचा. महिनोन्‌महिने. लोक तो का ऐकायचे ठाऊक आहे?"

"का?"

"मजेशीर होता म्हणून. चांगली गाणी, चुटके, गप्पा मारणारे लोक. तुमच्यासारखे." तिनं 'तुमच्यासारखे' म्हणताना माझ्याकडे पाहिलंही नाही. "मग एके दिवशी तोच रेडिओ कोण कुठं लपलंय ते सांगू लागला. मारणारे सैनिक होते, पण शेजारीसुद्धा होते. शेतातले कोयते घेऊन निघाले. सकाळी निघायचे, संध्याकाळी परत यायचे. कामाला गेल्यासारखे."

"ते तिकडं. इथं बेंगळूरुत कोण कोयता घेऊन निघणार? बायोमेट्रिक असतं ऑफिसात."

"जर्मनीतही ऑफिसं होती." वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला ती याच आवाजात बोलत असणार. "तिथं उंदीर म्हणाले, उवा म्हणाले. पडद्यावर उंदरांच्या झुंडी दाखवायचे आणि लगेच त्या माणसांचे चेहरे. अमेरिकन सैनिकांच्या मासिकात जपान्यांचं उवा म्हणून चित्र होतं, खाली कीटकाला देतात तसं लॅटिन धाटणीचं नाव. जपानी तरी काय, ते गोऱ्यांना राक्षस म्हणायचे. सगळ्यांच्या पिशवीत असतं हे. आणि त्या जर्मनीतल्या कोठड्यांत जो विषारी वायू सोडला तो कुठून आला ठाऊक आहे? तुमच्या धंद्यातून. कपड्यांतल्या उवा आणि गोदामातले किडे मारायला केलेला. माणसांना चुकून बाधू नये म्हणून त्यात डोळे चुरचुरवणारा वास मिसळत असत. मग ऑर्डर गेली, वास न घातलेला पाठवा."

मी कॉफी प्यालो. हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या औषधांतही काहींत असा सावध करणारा वास असतो, त्यामुळे ही ऑर्डर लिहिणाऱ्या कारकुनाचं टेबल मला फार स्पष्ट दिसलं. कागद, रकाने, सही. पण कबूल करण्याची सवय नसल्यानं मी म्हणालो, "तू निवृत्त झालीस, तरी तास संपत नाही तुझा."

ती आत गेली. चौथी ओळ मी टाकली नाही, पण ती बायकोचं पटलं म्हणून नव्हे. सुचली नाही म्हणून.

चार दिवसांत तिकडची चकमक थांबली. टीव्हीवरचे बाण थांबले. मला वाटलं माझ्या ओळीही थांबल्या. पण दुकान बंद केल्यावर माल काही आपोआप परत येत नाही.

पुढच्या सोमवारी हेब्बाळहून फोन आला. तळ्याच्या बाजूला एक मोठं संकुल आहे, सहा इमारतींचं, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या कमिटीचे अध्यक्ष बोलत होते, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय व्यवस्थित गृहस्थ. धारवाडकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचे.

"तुमच्या ओळी आम्ही गेटवर लावल्यात, बरं का! आता एक काम आहे. आमच्या मागच्या भिंतीला लागून जी झुरळं आहेत ना, ती."

त्यांना कुठली म्हणायची होती ते मला विचारावं लागलं नाही. हेच मला पुढं फार दिवस टोचत राहिलं. मला लगेच कळलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर निळ्या ताडपत्रीच्या आणि पत्र्याच्या सात खोपी होत्या. संकुलाचाच कचरा वेगळा करणारी माणसं तिथं राहत. आसामकडची, बंगालकडची, आपसांत बांगला बोलणारी. सीमेवरच्या भांडणाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांचा धर्म आणि बोली बघून अध्यक्षांना तो दिसला होता. शब्द हजारभर मैलांवरच्या शत्रूसाठी केलेला. तो भिंतीपर्यंत चालत यायला आठवडा लागला.

"काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही हो. तुमचं ते धुराचं मशीन आणा. डासांसाठी म्हणून करायचं. भरपूर धूर. आपोआप निघून जातील. कुणाला हात लावायचा नाही, आपण काय गुंड आहोत?"

"सरी," मी म्हणालो. कन्नडातला हा 'बरं' फार सोयीचा आहे. हो म्हटल्यासारखं वाटतं आणि आपण म्हटलं असं वाटत नाही.

बायको बहिणीकडे गेली होती, म्हणून कागद मीच भरला. कीटक: झुरळ. प्रमाण: फार. जागा: मागचा प्लॉट. आणि पहिल्या रकान्यावर पेन टेकवलं. घरात माणसं किती? आता काय लिहायचं? आकडा लिहिला तर त्यांना बाहेर काढावं लागतं, मोजावं लागतं. आकडा लिहिला तर कीटकाच्या रकान्यात जे लिहिलंय ते खोटं ठरतं. एकाच कागदावर दोन्ही बसत नव्हतं. मी हुशार माणूस. पेन उचललं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. मागच्या गेटपाशी तीस-चाळीस माणसं जमली होती. मला वाटलं होतं कुणी नसेल. बाल्कन्यांतूनही लोक वाकून पाहत होते, फोन वर धरून. चेहरे काही भयंकर नव्हते. गणपतीच्या मिरवणुकीला असतात तसे, जरा उत्सुक, जरा उन्हानं आंबट. एकानं मला ओळखलं, "अरे, ते ओळीवाले!" आणि टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. माझ्या स्वभावाची लाज वाटावी असे पुरावे मी शोधत नाही, ते येऊन भेटतात.

खोपी शांत होत्या. पुरुष कचऱ्याची गाडी घेऊन पहाटेच गेलेले. बाकीच्यांना दोन दिवसांपासून सिक्युरिटीनं बजावलं होतं, तोंड दाखवू नका, आतच बसा. त्यामुळे पत्र्यामागं कुणी आहे की नाही हेही कळत नव्हतं.

अण्णांनी मशीन खाली ठेवलं. त्याला जनरेटरसारखी ओढून सुरू करायची दोरी असते. त्यांनी दोरी धरली नाही. हात पुढं केला. कागदासाठी.

मी कागद दिला. त्यांनी वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"एष्टु जन, सार?" माणसं किती?

"अण्णा, नुसता धूर तर करायचाय. डासांचा."

"एष्टु जन?"

"आत कुणी नाही बहुतेक."

मी ते 'बहुतेक' म्हणत असतानाच माझी नजर पहिल्या खोपीच्या दाराकडे गेली. पत्र्याचं दार, त्याला बाहेरून तार गुंडाळलेली. साधी गुंडाळलेली नव्हे. आडवी-उभी घेऊन, टोक आत खोचून, बँकेत फायलींना बांधतात तशी व्यवस्थित. दाराखालच्या फटीत ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या कोंबलेल्या. पुढच्या दोन दारांनाही तसंच.

"हे काय?" मी अध्यक्षांना विचारलं.

"फटी बुजवल्या," ते म्हणाले, विद्यार्थ्यानं गृहपाठ दाखवावा तसे. "तुम्हीच लिहिलं होतं ना, नाहीतर पळून आमच्याकडे घुसतात."

ताडपत्री आणि पत्र्याच्या त्या खोक्यात आमचा डिझेलमिश्रित धूर कोंडला तर काय होतं हे मला त्या गर्दीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. उघड्या गटारावर मारतानासुद्धा आम्ही वाऱ्याची दिशा बघतो. मोठ्या माणसाला दोन मिनिटांत ठसका लागतो, डोळे उघडत नाहीत, दार सापडत नाही. आणि इथं दार सापडूनही उपयोग नव्हता. लहान मुलाचं मी मनात मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

"तार काढा," मी म्हणालो. पण माझा आवाज मला जसा वाटला तसा आला नसावा, कारण कुणी हललं नाही.

"आता काढून कसं चालेल?" मागून एक बाई म्हणाल्या. या तिसऱ्या मजल्यावरच्या. बालवाडी चालवायच्या. आम्ही त्यांच्याकडे कामाला गेलो की अण्णांना वेगळ्या पेल्यात नव्हे, घरच्याच पेल्यात कॉफी देणाऱ्या. अतिशय मऊ आवाजात त्या मला समजावू लागल्या, "तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. मोठ्यांनाच हाकलून काय उपयोग? अंडी राहिली तर काम फुकट."

त्या रागानं बोलत नव्हत्या हो. मुलांना हात धुवायला सांगतात तशा बोलत होत्या. माझं वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. मी लिहिलं तेव्हा त्यात चेहरा नव्हता. आता होता, आणि तो त्यांचा होता, आणि मला तो आवडत असे.

"स्टार्ट करा की!" कुणीतरी ओरडलं. "एक दिसलं तर शंभर आत!" दुसऱ्यानं पुरं केलं. मग दोघं, मग दहा. तालात. टाळ्या परत सुरू झाल्या, पण आता त्या माझ्यासाठी नव्हत्या. पुढच्या रांगेतला एक टी-शर्टवाला मशीनच्या दोरीकडे वाकला. त्याला ते सुरू करता येत नव्हतं, नाहीतर त्यानं केलं असतं. दुसऱ्या एकाच्या हातात विटेचा तुकडा कधी आला ते मी पाहिलं नाही.

मी काय करत होतो? मी भाषणाची तयारी करत होतो. खरंच. 'मित्रहो' पासून सुरुवात करावी की 'हे बघा' पासून, इथवर माझं येऊन ठेपलं होतं.

अण्णा गेले. घाईनं नाही, रोज गिऱ्हाइकाच्या दाराशी जातात तसे. गर्दीकडे पाठ करून पहिल्या दारासमोर उभे राहिले आणि बोटांच्या पेरांनी पत्र्यावर दोनदा वाजवलं.

"एष्टु जन?"

आतून काही नाही. गर्दीचा ताल चालू होता. शंभर आत, शंभर आत. अण्णांनी पुन्हा वाजवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "अम्मा, अंदर कितना लोग?"

मग एका बाईचा आवाज, अगदी दाराला तोंड लावून. "चार."

"कौन-कौन?"

"मैं. सास. दो बच्चा." आणि मग, "छोटे को बुखार है."

अण्णा वळले. गर्दीसमोर उभे राहिले आणि रोजच्या आवाजात, ना जास्त ना कमी, म्हणाले, "नाल्कु." चार. मग तार सोडायला लागले.

त्या चारच्या आकड्यानं काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. ओरडणं थांबलं नाही, पण त्याचा ताल चुकला. शंभर म्हणायला सोपं असतं, त्याला चेहरे नसतात. चार म्हटल्यावर त्यातली एक सासू असते आणि एकाला ताप असतो. गर्दीतल्या काहींनी फोन खाली केले. कुणी हसलं, पण ते हसू कुणी उचललं नाही.

आणि मग वीट आली. अण्णांच्या खांद्याला लागून मशीनवर आपटली. "हा पण त्यांच्यातलाच! झुरळ साला!" अण्णा आनेकलचे, सात पिढ्यांचे शेतकरी, घरात रोज पूजा. शब्दाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो सैल सुटला होता आणि जो मधे येईल त्याला चिकटत होता.

तेव्हा कुठं माझे पाय हलले. भाषण राहिलं. मी दुसऱ्या दाराशी गेलो आणि तार सोडू लागलो. नखं मोडली. अध्यक्षांनी गाठ खरोखर उत्तम मारली होती. "एष्टु जन?" मी विचारलं. माझा आवाज मांजरीसारखा आला. आतून मुलाच्या आवाजात, "तीन." मी वळून ओरडलो, "तीन!" कुणीतरी मला म्हणालं, "सर, तुम्हीसुद्धा?" जणू मीच माझ्या ओळींचा विश्वासघात केला होता.

तिसरं दार सोडताना बालवाडीच्या बाई पुढं आल्या. मला वाटलं आता काय. तापवाल्या मुलाला घेऊन ती बाई उन्हात उभी होती, मूल पाचेक महिन्यांचं, डोळे मिटलेलं. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग वळल्या आणि लिफ्टकडे चालू लागल्या. माफी नाही, मदत नाही. पण त्या गेल्यावर आणखी सात-आठ जण गेले. टी-शर्टवाला आणि वीटवाला राहिले, शिव्या देत, आणि कुणीतरी बोलावलेली पोलिसांची गाडी आल्यावर तेही पांगले. पोलिसांनी विचारलं काय झालं. अध्यक्ष म्हणाले, "काही नाही, डासांची ट्रीटमेंट." मी कागदाकडे पाहिलं. कागदही त्यांच्याच बाजूनं होता.

अण्णांनी पेन मागितलं. सात खोपी, एकोणीस माणसं. त्यांनी पहिल्या रकान्यात इंग्रजी आकड्यात एकोणीस लिहिलं, कीटकाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि आम्ही काम न करता परत निघालो.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कार्यात सांगितली असती. पण ती माणसं राहिली नाहीत. कमिटीनं प्लॉटच्या मालकाला गाठलं, आठ दिवसांत ताडपत्र्या उतरल्या. अण्णांनी आनेकलला कारखान्यांच्या मागं ओळखीच्या एकाची जागा बघून दिली, टेम्पोच्या दोन फेऱ्यांत सगळं गेलं. हेब्बाळला आता मागच्या भिंतीशी कचरा साचतो आणि त्यावर खरी झुरळं झालीत. अध्यक्षांनी दोनदा फोन केला. बायकोनं तो उचलला आणि विचारलं, "घरात माणसं किती?" त्यांनी फोन ठेवला.

महिन्याभरानं अण्णा म्हणाले, आनेकलच्या त्या खोपींत भिंतीतून झुरळं निघताहेत, गोळ्या आणि जेल घेऊन जाऊ. फुकट. मी म्हणालो, मीही येतो. मला माफी मागायची होती. बसमध्ये बसवनगुडीपासून आनेकलपर्यंत मी ती मनात रचत होतो. सुरुवात चांगली होती. मध्ये एक छानसं वाक्य होतं, शब्द हा विषासारखा, मोजून वापरावा, वगैरे. बायकोला वाचून दाखवलं असतं तर तिनं ते खोडलं असतं.

ती तापवाल्या मुलाची आई दारात उभी होती. मूल कडेवर, टुणटुणीत. अण्णांनी कागद काढला, विचारलं, मोजलं, चार लिहिलं आणि वाकून आत गेले. मी दारात उभं राहून घसा साफ केला.

"त्या दिवशी तो जो शब्द," मी हिंदीत सुरुवात केली, "तो शब्द मुळात मी..."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याशी न बोलता खांद्यावरून आत हाक मारून अण्णांना विचारलं, "हा तो लिहिणारा का?"

"हं," अण्णा आतून म्हणाले.

"मग याला तिकडं रस्त्यावर उभं करा, अण्णा. झुरळं तुम्ही मारताय ना? याचं आत काय काम?"